रोज ठरावीक वेळी मळमळ आणि काहीच खावंसं न वाटणं: आधी वेळ शोधा, मग पदार्थ

गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत माझ्याकडे येणारी तक्रार बहुतेक वेळा याच शब्दांत येते: “परवा टोस्ट खाल्ला तर बरं वाटलं होतं, आज त्याच टोस्टने उलटी झाली. आता काय खाऊ?” मग घरातलं कोणीतरी दुसरा पदार्थ सुचवतं. तो दोन दिवस चालतो, तिसऱ्या दिवशी नकोसा होतो. असं करत करत पंधरा दिवसांत खाता येणाऱ्या पदार्थांची यादी तीन-चार नावांवर येऊन थांबते आणि मळमळ मात्र जिथल्या तिथे असते.

आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना सुरुवातीची काही वर्षं मीही अशा वेळी पदार्थांची लांब यादी लिहून देत असे. त्यातलं फारसं काही कोणाच्या पोटात टिकत नसे. धाकट्या बहिणीला दिवस गेले आणि आठव्या आठवड्यात ती आठ-दहा दिवस माझ्याकडे राहायला आली, तेव्हा हा प्रकार मी पहिल्यांदा सकाळपासून रात्रीपर्यंत डोळ्यांनी पाहिला. तिला त्रास देणारे पदार्थ बदलत होते, पण त्रासाच्या वेळा ठरलेल्या होत्या. तेव्हापासून मी “काय खाऊ” या प्रश्नाला हात घालण्याआधी “कधी होतं आणि त्याच्या अगोदरच्या दोन तासांत काय झालं होतं” हे विचारते. खाली तोच क्रम सविस्तर मांडला आहे.

पोटात नेमकं काय चाललेलं असतं

ही मळमळ मनाची नसते, हे आधी सांगायला हवं, कारण घरात अजूनही “जरा मन घट्ट कर” असं सहज म्हटलं जातं. वार तयार होऊ लागली की तिच्याकडून जीडीएफ-१५ नावाचं संप्रेरक आईच्या रक्तात मोठ्या प्रमाणात येतं आणि ते मेंदूतल्या उलटीच्या केंद्राजवळ काम करतं. 2023 च्या डिसेंबरमध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात याविषयीचं मोठं संशोधन प्रसिद्ध झालं. गरोदर होण्याआधी जिच्या रक्तात हे संप्रेरक कमी असतं, तिला ते अचानक वाढल्यावर जास्त त्रास होतो, असं त्यात दिसलं. म्हणजे एकीला काहीच होत नाही आणि दुसरीला पाण्याचा घोटही जात नाही, यात सहनशक्तीचा प्रश्न नाही.

दुसरी गोष्ट प्रोजेस्टेरॉन या गरोदरपणात वाढणाऱ्या संप्रेरकाची. त्याने जठराची हालचाल मंदावते, त्यामुळे खाल्लेलं नेहमीपेक्षा जास्त वेळ वर राहतं. यातून एक विचित्र पेच तयार होतो. पोट रिकामं राहिलं तर आम्ल साचून ढवळायला लागतं आणि एकदम भरलं तर ते लवकर पुढे सरकत नाही म्हणून वर येतं. दोन टोकांच्या मधली जी अरुंद जागा उरते, तिथे दिवसभर राहायचं, एवढंच खरं काम आहे. पदार्थ कोणता हे त्यानंतर येतं.

त्रास साधारण चौथ्या ते सहाव्या आठवड्यात सुरू होतो, नवव्या आठवड्याच्या आसपास सर्वांत वाढतो आणि बहुतेकींना बाराव्या ते सोळाव्या आठवड्यापर्यंत उतरतो. आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजायचे. नवव्या आठवड्यापर्यंत काहीच नव्हतं आणि नंतर अचानक सुरू झालं, तर ते गरोदरपणाचं समजून घरी उपाय करत बसू नये. त्यामागे दुसरं कारण असू शकतं, डॉक्टरांना दाखवावं.

आधी तीन दिवसांची नोंद

वहीत रोज पानभर लिहायची गरज नाही. मळमळ वाढली किंवा उलटी झाली की पाच गोष्टी टिपायच्या: किती वाजले, शेवटचा घास किती वेळापूर्वी खाल्ला, त्यात पातळ किती होतं, जवळपास कसला वास होता आणि त्याआधी कोणती गोळी घेतली होती. उलटीत काय पडलं तेही लिहायचं. नुसतं आंबट-कडू पिवळसर पाणी पडलं तर पोट बराच वेळ रिकामं होतं. तीन तासांपूर्वीचं जेवण जसंच्या तसं आलं तर एका वेळी जास्त झालं होतं. एवढ्या एका निरीक्षणाने अर्धी दिशा कळते.

बहिणीच्या दुसऱ्या दिवसाची नोंद अशी होती. सकाळी सव्वासातला उठली, लगेच दात घासायला गेली, कोरडे उमासे आले, मग कडू पाणी पडलं. आदल्या रात्री पावणेनऊला जेवली होती, म्हणजे साडेदहा तास पोटात काही नव्हतं. नऊ वाजता चहाबरोबर लोहाची गोळी घेतली, पाऊण तासाने पोटात ढवळलं आणि चहा पडला. मग भीतीने एक वाजेपर्यंत काहीच खाल्लं नाही. एक वाजता ताट वाढलं, तिने भुकेने भराभर जेवण केलं, मध्ये दोन पेले पाणी प्यायली आणि वीस मिनिटांत सगळं बाहेर आलं. संध्याकाळी साडेसातला शेजारच्या खोलीत बसली असताना स्वयंपाकघरातून कांदा परतल्याचा वास आला आणि उमासे सुरू झाले. रात्री दोन चमचे भात खाऊन झोपली.

त्या दिवशी तिच्या तोंडी “मला भात बाधतो, ताई” असं वाक्य होतं. पण नोंद पाहिली तर भाताचा काही दोष नव्हता. एका दिवसात चार वेगवेगळी कारणं होती: लांब उपास, रिकाम्या पोटी लोह, जेवणात पाणी आणि गरम तेलातला वास. एकेक कारण एकेक करून काढायचं असं आम्ही ठरवलं. चारही एका दिवशी बदलली असती तर कशाने फरक पडला हे कळलं नसतं.

सकाळ: अंथरुणातून उठण्याआधीचा घास

सकाळचा त्रास आदल्या रात्री सुरू होतो, म्हणून उपायही रात्रीच करायचा. झोपण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी थोडं प्रथिन असलेलं काहीतरी खायचं. बहिणीने मूठभर भाजलेले शेंगदाणे चावून खाल्ले. दुसरीला चीजचा लहान तुकडा किंवा अर्धी वाटी घट्ट दही जास्त सोपं जाईल. नुसतं गोड किंवा पिठाचं खाल्लं तर ते लवकर पचून जातं आणि पहाटे पुन्हा पोट रिकामं होतं. प्रथिन आणि थोडी चरबी जास्त वेळ टिकते. खाऊन लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर छातीत जळजळ होऊन नवीनच त्रास मागे लागतो.

मग उशाशी झाकणाच्या डब्यात कोरडं काहीतरी ठेवायचं. खारी बिस्किटं, कडक टोस्टचे तुकडे किंवा मक्याच्या साध्या लाह्या. जाग आली की पाठीशी उशी घेऊन टेकून बसायचं, दोन-तीन बिस्किटं अगदी सावकाश चावायची आणि पंधरा-वीस मिनिटं तसंच बसून राहायचं. यात पाणी नको. घसा कोरडा पडला तर ओठ ओले करण्यापुरता एक घोट. मग हळू उठायचं. रात्री लघवीला उठणं होतंच, तेव्हाही एक बिस्किट खाल्लं तर पहाटेचा उपास मोडतो.

दात घासणं हा सकाळचा दुसरा अडथळा आहे. जिभेच्या मागच्या भागाला ब्रश लागला की उमासा येतोच. घासणं पुढे ढकला, नाश्त्यानंतर तासाभराने करा, लहान मुलांचा छोटा ब्रश घ्या आणि फेसाचा किंवा पेस्टच्या चवीचा त्रास होत असेल तर पेस्ट अगदी वाटाण्याएवढी घ्या. उलटी झाल्यावर मात्र लगेच ब्रश करू नये. पोटातल्या आम्लाने दातांचं वरचं आवरण थोडा वेळ मऊ पडलेलं असतं, ते घासलं जातं. एक कप पाण्यात एक चमचा खाण्याचा सोडा घालून चूळ भरायची आणि ब्रश अर्ध्या तासाने करायचा.

बहिणीला या बदलाचा फरक तिसऱ्या सकाळी दिसला. मळमळ गेली नाही, पण कडू पाणी पडणं थांबलं. सकाळचा उपाय लागू पडतोय का, हे ओळखायची खूण तीच. मळमळ किती आहे ते आकड्यात सांगता येत नाही, पण रिकाम्या पोटी उमासे येणं बंद झालं की उपास मोडलाय हे नक्की.

दिवस: ताट बाजूला, वाटी पुढे

ताटभर जेवण तीन वेळा, ही रचना काही आठवडे बाजूला ठेवावी लागते. दीड ते दोन तासांनी तीन-चार घास, हे गणित. भूक लागण्याची वाट पाहायची नाही, कारण या काळात भूक आणि मळमळ सारखीच वाटते. पोटात ढवळतंय म्हणून खात नाही आणि खात नाही म्हणून आणखी ढवळतं. बहिणीला मी घड्याळाचा गजर लावून दिला होता. सुरुवातीला तिला ते जाचक वाटलं, पण दोन दिवसांत तिनेच सांगितलं, “गजर वाजला की खाते, आता खाऊ का नको हा विचारच करावा लागत नाही.”

पातळ आणि घट्ट वेगळं करणं हा दुसरा नियम. घासाबरोबर पाणी प्यायलं की मंद झालेलं जठर पटकन फुगतं. म्हणून खाण्याच्या आधी अर्धा तास आणि नंतर अर्धा तास पाणी नाही, मधल्या वेळात घोट-घोट. पेला भरून समोर ठेवला तर तो पाहूनच नको होतं; लहान वाटीत किंवा स्ट्रॉने थोडं थोडं घेतलेलं जातं. साधं पाणी कित्येकींना या काळात धातूसारखं लागतं. त्यात लिंबाची चकती टाका, गार करा, नाहीतर बर्फाचा खडा चोखा. उलट्या जास्त होत असतील तर औषधाच्या दुकानात मिळणारं क्षारसंजीवनीचं पाकीट त्यावर लिहिलेल्या प्रमाणात पाण्यात मिसळून, गार करून, पाच-पाच मिनिटांनी चमचाभर घ्यावं. उलटी झाल्यावर लगेच पेलाभर पाणी पिण्याची घाई करू नये. दहा-पंधरा मिनिटं थांबून चमच्याने सुरुवात करावी.

मधुमेह असेल किंवा साखरेची औषधं चालू असतील, तर हे वारंवार खाणं स्वतःच्या मनाने सुरू करू नये, डॉक्टरांशी बोलून वेळा आणि प्रमाण ठरवावं.

गोळी

नोंदीत गोळीनंतर तासाभरात त्रास दिसत असेल तर तो योगायोग समजू नका. लोहाने जठराचं अस्तर चाळवतं, रिकाम्या पोटी तर जास्तच. चहाबरोबर घेतलं की त्रास होऊन वर लोह नीट शोषलंही जात नाही. बहिणीच्या डॉक्टरांनी तिचं रक्त पाहून पहिल्या तिमाहीपुरतं लोह थांबवलं आणि फक्त फॉलिक अॅसिड चालू ठेवलं. हा निर्णय डॉक्टरांचाच असायला हवा; जिचं हिमोग्लोबिन आधीच कमी आहे तिला लोह थांबवता येणार नाही, तिला कदाचित गोळीची वेळ किंवा प्रकार बदलून मिळेल. पण हा प्रश्न विचारायला मात्र विसरू नका, कारण नुसत्या या बदलाने पुष्कळ जणींचा दुपारपर्यंतचा दिवस सुधारतो. फॉलिक अॅसिड स्वतः होऊन सोडायचं नाही. सामान्यतः रोज 400 मायक्रोग्रॅम सांगितलेलं असतं, ते गर्भाच्या मज्जासंस्थेसाठी आहे आणि त्याने सहसा मळमळ वाढत नाही.

संध्याकाळ आणि वास

वास हे गरोदरपणातल्या मळमळीचं सर्वांत मोठं निमित्त आहे आणि त्यावर उपाय करणं सर्वस्वी त्या बाईच्या हातात नसतं, घरातल्या इतरांनाही थोडं बदलावं लागतं. गरम पदार्थातून वाफेबरोबर वासाचे कण जास्त उडतात. तोच पदार्थ गार झाला की वास खूपच कमी येतो. गरम सूप समोर आणलं की तोंड फिरवणारी बाई तेच सूप गार झाल्यावर वाटीभर पिते, ते याच कारणाने. म्हणून पहिला प्रयोग पदार्थ बदलायचा नाही, त्याचं तापमान बदलायचं.

परतणं आणि तळणं तिच्या विश्रांतीच्या वेळी किंवा ती बाहेर गेलेली असताना उरकावं. स्वयंपाकघराचं दार बंद, खिडकी उघडी, आणि ताट झाकूनच बाहेर यावं. झाकण तिच्यासमोर उघडायचं नाही, कारण पहिली वाफ तोंडावर येते तीच नडते. तिला स्वतःलाच रांधावं लागत असेल तर उकडणं आणि भिजवणं यावर भागेल असे पदार्थ घ्यावेत, जेवणाचा मोठा भाग सकाळी बऱ्या वाटणाऱ्या वेळेत करून ठेवावा. कचऱ्याचा डबा, फ्रिजमधलं कापलेलं कांदा-लसूण, साबण, अत्तर हेही तपासावं. आमच्याकडे दोन दिवस शोधून शेवटी भांडी घासायच्या द्रवाचा वास निघाला. तो बदलल्यावर तिला बेसिनजवळ उभं राहता येऊ लागलं.

आता पदार्थ

वेळ, पाणी, गोळी आणि वास यांची घडी बसली की पदार्थ निवडणं बरंच सोपं होतं. मी पदार्थांकडे चवीपेक्षा त्यांच्या पोताकडे आणि तापमानाकडे पाहून निवड करते. मळमळ होत असताना विचारावं, “आत्ता कोरडं हवंय, गार-मऊ हवंय, की आंबट?” तिला बहुतेक वेळा उत्तर देता येतं, आणि “काय करू तुझ्यासाठी?” या प्रश्नाला मात्र ती रडकुंडीला येते.

कोरडं हवं असेल तेव्हा कडक टोस्ट, खारी बिस्किटं, लाह्या, भाजलेले शेंगदाणे, उकडलेल्या बटाट्याच्या फोडी तेलाचा हात न लावता भट्टीत कोरड्या भाजून. पोटात सर्वांत जास्त ढवळत असताना हेच चालतं. गार-मऊ हवं असेल तेव्हा मऊ शिजवलेला गार भात दह्यात कालवून आणि चिमूटभर मीठ घालून, फ्रिजमध्ये गार केलेल्या केळ्याच्या चकत्या, डाळीचं गाळून गार केलेलं पातळ सूप, दुधात भिजवलेले ओट्स. जळजळ होत असेल तेव्हा हा गट कामाचा. आंबट हवं असेल तर लिंबू पिळून मीठ लावलेल्या कलिंगडाच्या फोडी, गोठवलेली द्राक्षं, संत्र्याच्या पाकळ्या. तोंडात लाळ सुटून सारखं थुंकावं लागत असेल, तर आंबट-गार तुकडा चोखल्याने बरं वाटतं. लाळ गिळण्याने मळमळ वाढते, म्हणून ती थुंकून टाकायला लाजू नये.

एकाच प्रकारच्या पिठूळ पदार्थांवर पूर्ण दिवस काढला तर मळमळ लवकर परतते. दिवसातून तीन-चार वेळच्या घासांत तरी प्रथिन घुसवावं. अंड्याचा वास नको होत असेल तर ते पूर्ण उकडून, गार करून, सोलताना दूर बसून, टोस्टवर बारीक किसून पाहावं. तेही नको असेल तर दही, पनीर, शेंगदाण्याचं लोणी लावलेला टोस्ट. बहिणीचं काम दही आणि शेंगदाण्यावर तीन आठवडे भागलं. त्या तीन आठवड्यांत तिच्या ताटात हिरवी भाजी जवळजवळ नव्हती आणि मी तिचा आग्रहही धरला नाही. पहिल्या तीन महिन्यांत गर्भ इतका लहान असतो की आईची उष्मांकांची गरज जवळजवळ वाढलेली नसते. ती पुढे वाढते, आणि तोवर खाणंही परत आलेलं असतं.

आल्याचा उपयोग होतो, पण बेताने. सुकं आलं दिवसाला एकूण एक ग्रॅम, चार वेळा विभागून, इतकं प्रमाण सामान्यतः वापरलं जातं. एक ग्रॅम म्हणजे सुंठेची जेमतेम अर्धा लहान चमचा पूड. ओल्या आल्याचा पातळ काप गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवून, गार करून घोट-घोट घेणं पुष्कळांना सोपं जातं. ज्यांना आल्याने छातीत जळजळ होते त्यांनी सोडून द्यावं, आणि रक्त पातळ करणारी औषधं चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

कालचं चाललं, आज का नाही

सुरुवातीच्या तक्रारीकडे परत येते. एखादा पदार्थ खाल्ल्यावर थोड्या वेळात उलटी झाली की मेंदू त्या दोघांची गाठ मारून ठेवतो, पदार्थ निर्दोष असला तरी. शरीराची विषापासून वाचण्याची ही फार जुनी सोय आहे आणि ती एका अनुभवातही पक्की बसते. म्हणून चालणारा एकच पदार्थ प्रत्येक वेळी दिला, तर कधी ना कधी तो उलटीच्या वेळेला गाठ पडणार आणि कायमचा नकोसा होणार. आवडीचा पदार्थ सर्वांत वाईट तासाला देऊ नका. बहिणीचा वाईट तास संध्याकाळी साडेसात ते साडेआठ होता. त्या तासात तिने फक्त कोरडी बिस्किटं खाल्ली, ज्यांच्याशी तिचं काही प्रेम नव्हतं. दहीभात आम्ही सकाळी साडेदहासाठी राखून ठेवला, जेव्हा तिला सर्वांत बरं वाटायचं. तो शेवटपर्यंत टिकला. चालणारे निदान तीन पदार्थ आलटून-पालटून फिरवत राहा, आणि एखादा नकोसा झाला तर तो दहा-पंधरा दिवस घरातच आणू नका, जबरदस्तीने दिला तर गाठ आणखी घट्ट बसते.

डोहाळे म्हणून माती, खडू, कच्चे तांदूळ किंवा राख खावीशी वाटत असेल तर तो लाडाचा विषय नाही. यामागे बहुधा लोहाची कमतरता असते, डॉक्टरांना सांगून रक्त तपासून घ्यावं.

गार खाताना एक सांभाळायचं

गार खाणं सोपं जातं म्हणून फ्रिजमधलं शिळं खाण्याची सवय लागते आणि तिथे चूक होते. गरोदरपणात अन्नातल्या जंतूंचा त्रास अधिक गंभीर होऊ शकतो. शिजवलेला भात तासाभरात गार करून झाकून फ्रिजमध्ये ठेवावा आणि एका दिवसाच्या आत संपवावा. बाहेर दिवसभर ठेवलेला भात पुन्हा गरम केला तरी सुरक्षित होत नाही. दूध, दही, पनीर, चीज पाश्चराइज केलेल्या दुधाचंच घ्यावं. अर्धकच्चं अंडं, कच्ची मोड आलेली कडधान्यं आणि तयार मिळणारं गार मांस टाळावं. फळं कापण्याआधी धुवावीत, आणि कापलेली फळं उघडी ठेवू नयेत.

हे करूनही थांबत नसेल तर

घरचे बदल चार-पाच दिवस नीट करून पाहूनही दिवसातून अनेकदा उलट्या होत असतील, तर औषध घ्यायला संकोच करू नये. जीवनसत्त्व बी-६, एकटं किंवा डॉक्सिलामाइनसोबत, हे या त्रासावर पहिल्यांदा दिलं जाणारं औषध आहे आणि ते गरोदरपणात बऱ्याच काळापासून वापरात आहे. मात्रा डॉक्टरांनी ठरवायची. औषध आणि खाण्याच्या वेळा एकमेकांच्या बरोबरीने काम करतात. गोळीने मळमळ थोडी उतरली की त्याच तासात तीन-चार घास खाऊन घ्यावेत.

आठ तासांहून जास्त वेळ लघवी झाली नाही किंवा ती खूप गडद झाली, चोवीस तास अन्न किंवा पाणी काहीच टिकलं नाही, उभं राहिल्यावर भोवळ आली, उलटीत रक्त दिसलं, पोटात दुखू लागलं, ताप आला किंवा लघवीला जळजळ झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. वजनकाटा असेल तर आठवड्यातून एकदा सकाळी वजन करा. गरोदर होण्याआधीच्या वजनाच्या पाच टक्क्यांहून जास्त घट झाली, म्हणजे साठ किलोच्या बाईचं तीन किलोपेक्षा जास्त कमी झालं, तर याला साधी मळमळ म्हणता येत नाही. त्याला दवाखान्यातले उपचार, बहुधा सलाइन लागतं. उलट्या तीन आठवड्यांहून जास्त काळ चालू असतील तर ते सलाइन लावण्याआधी डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण अशा वेळी ग्लुकोजच्या आधी जीवनसत्त्व बी-१ देणं गरजेचं असतं.

जाताना ती तीन दिवसांची नोंद बरोबर न्या. “खूप उलट्या होतात” या वाक्यापेक्षा “काल सहा वेळा झाल्या, चार वेळा नुसतं पाणी पडलं, दिवसभरात लघवी दोनदा झाली” हे ऐकून डॉक्टरांना लगेच ठरवता येतं, घरी पाठवायचं की दाखल करून घ्यायचं.